कुसुमआत्या निर्दोष, आवृत्ती सातवी

आमच्या घराण्यात एकच मौल्यवान वस्तू आहे आणि एकच गुन्हेगार. मौल्यवान वस्तू म्हणजे माझ्या आजोबांचा पितळी टेबललॅम्प आणि गुन्हेगार म्हणजे कुसुमआत्या. 1984 च्या गणपतीत आत्या माहेरी आल्या होत्या. आरतीआधी घर आवरताना त्यांनी दिवा पुसायला घेतला आणि दिव्याची मान त्यांच्या हातात आली. काचेची हिरवी शेड शेजारच्या गाद्यांच्या ढिगावर पडली म्हणून वाचली. आत्या मात्र वाचल्या नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडे काचेचं भांडं हातात देताना कुणी ‘जपून’ म्हणत नाही, ‘कुसुम करू नकोस’ म्हणतात. माझ्या बायकोला लग्नानंतर सहा महिने वाटत होतं की ‘कुसुम’ हा आमच्याकडचा खास शब्द आहे, जसा कुणाकडे तव्याला काहीतरी वेगळंच म्हणतात तसा. मग आत्या समोर आल्या आणि तिला वाक्यातला कर्ता कळला.

दिवा विलायती. आजोबांनी तो 1938 साली मुंबईत विकत घेतला, आणि किती रुपयांना घेतला यावर घरात तीन मतं आहेत. जड बैठक, त्यावर हातभर उभी नळी, नळीच्या टोकाला पुढे वाकलेली मान आणि मानेच्या पुढे होल्डर नि शेड. बाकी सगळं पितळ. मान फक्त पितळी रंगाची होती, आणि या ‘फक्त’वरच पुढचा सगळा खटला उभा राहिला. पण ते कळायला चाळीस वर्षं आणि एक दहावीतली मुलगी लागली.

दुरुस्तीचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. माझ्या एका काकांनी दोन रंगांच्या कांड्या एकत्र मळून करतात ती कणीक लावली. मान चिकटली, पण चुकीच्या दिशेला, त्यामुळे दिवा टेबलावर न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागला. एका जाणकाराने डाक लावून देतो म्हणून नेला आणि ‘हे काहीतरी वेगळंच आहे, डाक धरत नाही, उलट वितळतंय’ असं म्हणून परत आणून दिला. त्या वाक्यातच उत्तर होतं. पण आमच्याकडे उत्तर आधीच तयार असल्यामुळे त्याचं कुणी ऐकलं नाही. दिवा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेला, आणि मानेचे तुकडे अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पुरावा म्हणून बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवले.

गेल्या वर्षी माझ्या मुलीने, मुक्ताने, वाढदिवसाचे, भाऊबीजेचे आणि बहुधा माझ्या पाकिटातले पैसे जमवून एक जुना थ्री-डी प्रिंटर घेतला. ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांनी जिलबी पाडणारा हलवाई आठवावा. प्लॅस्टिकची तार तापलेल्या तोटीतून वितळून खाली येते आणि तोटी पुढेमागे फिरत एकावर एक थर देत जाते. फरक इतकाच की हलवायाची तोटी जाड असते आणि ही अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. आणि हलवाई रात्री झोपतो.

पहिले दोन महिने त्या यंत्रातून फक्त बेडूक निघाले. सोळा बेडूक झाल्यावर मी म्हटलं, “घरात उपयोगाचं काहीतरी कर.” हे वाक्य बापांनी जपून वापरावं. तिने त्याच दिवशी शिडी लावली आणि माळ्यावरून दिवा नि बिस्किटांचा डबा खाली आणला.

अण्णा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. गिरणीच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झाले. त्यांनी डबा पाहिला आणि म्हणाले, “कुसुमने मोडला तो.” मुक्ता म्हणाली, “आजोबा, मला कुणी मोडला ते नकोय, किती मिलिमीटर ते हवंय.” ब्याऐंशी वर्षांत अण्णांना इतकं रोखठोक कुणी बोललं नसावं, कारण ते गुपचूप चष्मा पुसायला लागले.

मोडलेला भाग परत करायचा तर मोडलेला भाग मोजायचा, हे कुणालाही वाटेल. मुक्तालाही वाटलं. तिने तुकडे जुळवून रबरबँडने बांधले आणि व्हर्नियर लावला. ज्या भोकात पितळी नळी शिरते ते आडवं मोजलं तर एक आकडा आला, उभं मोजलं तर दुसरा आणि तिरकं मोजलं तर तिसरा. तिने सरासरी काढली, संगणकावर मान काढली, छापली आणि नळीवर चढवली. ती नळीवर भोवऱ्यासारखी फिरली. आवृत्ती पहिली.

“व्हर्नियर बिघडलाय,” मी म्हटलं. मला काही कळत नसलं की मी हत्याराला दोष देतो. हा आमचा घराण्याचा गुण नाही, कारण घराणं माणसाला दोष देतं.

मुक्ता तुकडे घेऊन खालच्या मजल्यावरच्या साठे काकांकडे गेली. साठे काका जुन्या विलायती खेळण्यांतल्या आगगाड्या जमवतात. साठीतला माणूस जमिनीवर बसून शिट्टी वाजवतो म्हणून सोसायटीत त्यांच्याकडे जरा सहानुभूतीने बघितलं जातं. त्यांनी तुकडा हातात घेतला, उजेडाकडे धरला, नखाने खरवडला. पितळी रंग पापुद्र्यासारखा सुटला आणि आतून राखाडी, रव्यासारखं भुसभुशीत काहीतरी दिसलं. काका एकदम दुःखी झाले. “अगं, हा जस्ताचा रोग,” ते म्हणाले, आणि आतून एक छोटं इंजिन घेऊन आले. त्याचं अंगही तसंच तडकलेलं आणि फुगलेलं होतं. “माझंही असंच गेलं. कपाटात ठेवलेलं होतं. कुणी हातसुद्धा लावला नव्हता.”

काकांनी सांगितलं ते असं. स्वस्तात बारीक नक्षीचे भाग करायचे तर वितळलेलं जस्त दाब देऊन साच्यात भरायचं, ही पद्धत त्या काळी जोरात होती. 1929 साली अमेरिकेत न्यू जर्सी झिंक कंपनीने त्यासाठी जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं यांचा एक मिश्रधातू काढला. या चार धातूंच्या जर्मन नावांची आद्याक्षरं जोडून त्याला ‘झमाक’ म्हणतात. धातू चांगला, पण सोवळा. त्यातलं जस्त अगदी शुद्ध लागतं, शंभरात 99.99 भाग. त्यात शिशाचा नुसता वास जरी लागला तरी धातूच्या कणाकणांमधल्या सीमांवर गंज सुरू होतो. तो बाहेरून दिसत नाही. वर मुलामा तसाच चकचकीत असतो आणि आत वर्षानुवर्षं पोखरण चाललेली असते. दमट हवेत हे जास्त वेगाने होतं. कारखान्यात भट्टीजवळ शिशाचा एखादा तुकडा चुकून मिसळला की पन्नास वर्षांनी कुणाच्या तरी हातात मान येते.

“आणि हा धातू सडताना फुगतो,” काका म्हणाले. “म्हणून तू काय मोजलंस? मेलेल्या माणसाचं माप घेऊन जिवंत माणसाला सदरा शिवलास.”

मुक्ताने वर येऊन तुकडे टेबलावर मांडले. “आजोबा, धक्क्याने मोडलं असतं तर एकाच जागी मोडलं असतं ना? इथे बघा.” तुटलेल्या जागेपासून दोन बोटं लांब, जिथे कसलाही मार नाही, तिथेही भेगांचं जाळं होतं, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या गाळासारखं. शेजारच्या पितळावर पोचा नाही, ओरखडा नाही. एका तुकड्याला तिने अंगठ्याने दाबलं आणि त्याचा कोपरा सुपारीसारखा फुटला. म्हणजे गणपतीत आत्यांच्या हातात आली ती मान आधीच गेलेली होती. आत्या फक्त शेवटच्या साक्षीदार होत्या.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ओरखडा नाही कसा? हा काय.” नळीच्या वरच्या टोकाला, मानेच्या जरा खाली, खरोखरच दोन बाजूंना दातेरी खुणा होत्या. पकडीच्या. कुणीतरी नळी पकडीत धरून मान जोर लावून पिळली होती. मुक्ताने विचारलं, “आपल्याकडे पकड कोण वापरायचं तेव्हा?” घरात त्या काळी पकड एकच होती आणि ती एकाच माणसाच्या कुलूपबंद पेटीत असे. अण्णा म्हणाले, “चहा टाका जरा.”

आता मोजायचं होतं ते जिवंत भागाला, म्हणजे पितळी नळीला. नळीच्या टोकावर बाहेरून आटे होते आणि त्यांचा व्यास 12.7 मिलिमीटर आला. हे आश्वासक होतं, कारण 12.7 म्हणजे बरोबर अर्धा इंच. आट्यांमधलं अंतर मुक्ताने व्हर्नियरच्या टोकांनी मोजलं, ते जवळपास 1 मिलिमीटर आलं. तिने 1 धरलं, मोकळं फिरावं म्हणून सगळीकडून 0.2 मिलिमीटर जागा सोडली आणि मान छापली. आवृत्ती दुसरी.

ही मान नळीवर छान बसली. एक वेढा, दोन वेढे, पाच वेढे, लोण्यासारखी गेली. घरात उत्साह पसरला. बायकोने मोबाइल काढून चित्रण सुरू केलं. आठव्या वेढ्याला मान अडली. नवव्याला रुतून बसली. जोर लावल्यावर कर्र झालं आणि चित्रणात मागून माझा आवाज आहे, “कुसुम करू नकोस!”

इथे अण्णा खऱ्या अर्थाने खटल्यात उतरले. त्यांनी विचारलं, “पहिल्याच वेढ्याला घट्ट होती का?” नव्हती. “मग व्यास बरोबर आहे. व्यास चुकला तर पहिल्यापासून घट्ट जातं. मधेच अडतं तेव्हा आट्यांचं अंतर चुकलेलं असतं.” ते उठून आत गेले आणि कुलूपबंद पेटी घेऊन आले. आत तेलकट फडक्यात आटे मोजायचा गेज होता. चाकूच्या पात्यांसारखी बारीक दातेरी पोलादी पाती एकात एक मिटलेली आणि प्रत्येकावर एक आकडा कोरलेला. निवृत्त होताना कंपनीने त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. गेज त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलेला होता, आणि घड्याळ कधीच बंद पडलंय.

एकेक पातं ते नळीच्या आट्यांवर ठेवून उजेडाकडे धरत गेले. दात आणि आटे यांच्यामधून उजेड दिसला की पातं बाद. 24, नाही. 28, नाही. 26 चं पातं बसलं आणि उजेड बंद झाला. “सव्वीस आटे इंचाला,” अण्णा म्हणाले. “इंग्रजांचे पितळी आटे. दिव्यांच्या नळ्यांना व्यास कुठलाही असो, इंचाला सव्वीसच. मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, पण तू मिलिमीटर विचारलेस.”

गणित असं आहे. एका इंचात 25.4 मिलिमीटर. त्याला 26 ने भागलं की दर आट्याला 0.977. मुक्ताने धरले होते 1. फरक एका वेढ्याला 0.023 मिलिमीटर, म्हणजे डोळ्याला काय, व्हर्नियरलाही धड न दिसणारा. पण आट्यात प्रत्येक वेढ्याला तो फरक साठत जातो, उधारीसारखा. आठ वेढ्यांत 0.18 होतो आणि मोकळी सोडलेली 0.2 ची जागा तिथे संपते. म्हणून मान नेमकी आठव्याला अडली. तिने मान काढायला जी आज्ञावली लिहिली होती तिच्यात एकच ओळ बदलली:

```
pitch = 25.4 / 26;
```

तिसरी मान पूर्ण बारा वेढे गेली आणि बारीक ‘टक्’ करून थांबली. आजोबा आणि नात दोघं एकमेकांकडे बघून इतके हसले की मला घरात मी पाहुणा असल्यासारखं वाटलं.

तिसरी मोडली आणि तशीच छापलेली चौथीही मोडली, याला कारण मी. शेड चढवताना मी मदत केली. दोन्ही माना उभ्या छापलेल्या होत्या, म्हणजे थर आडवे, एकावर एक. जाड काचेच्या शेडचं वजन पुढे लोंबकळत होतं, आणि मी शेडला जरा हात लावताच दोन्ही वेळा मान थरांच्या मधून सरळ सुटली, चिरोट्याचा पापुद्रा सुटावा तशी. थर एकमेकांना चिकटलेले असतात, पण थर स्वतः जितका मजबूत असतो तितका हा जोड नसतो. म्हणून मग मुक्ताने मान यंत्रावर कुशीवर आडवी झोपवून छापली. आता थर मानेच्या लांबीने गेले आणि शेडचं वजन पापुद्रे सोडवण्याऐवजी त्यांना लांबीने ताणायला लागलं. त्याची किंमत अशी की गोल पोटाखाली टेकू छापावे लागले, ते नंतर पकडीने उपटावे लागले (पकड यावेळी मुक्ताकडेच होती), आणि आटे खरबरीत आले. ते तिने नळीच्या टोकाला साबण लावून, नळी दहा वेळा आतबाहेर फिरवून गुळगुळीत केले. ही पाचवी. दोन्ही हातांनी वाकवायचा प्रयत्न केला, मोडली नाही. मला लांब बसवलं होतं.

आता सोहळा. अण्णांनी कपाटातून साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब काढला. असे चार बल्ब त्यांनी जपून ठेवलेत, कारण त्यांच्या मते पांढऱ्या बल्बच्या उजेडात माणूस वाचत नाही, तपासला जातो. मुक्ता म्हणाली, “आजोबा, तो तापेल.” अण्णा म्हणाले, “बल्ब तापणारच. सूर्यही तापतो.” बटण दाबलं. चाळीस वर्षांनी त्या हिरव्या शेडखाली मधासारखा उजेड पडला. अण्णांनी पंचांग उघडून त्या उजेडात एकादशी बघितली. आम्ही जेवायला बसलो.

ताक वाढायच्या वेळेला मुक्ताने वळून पाहिलं आणि ती नुसती “बाबा” म्हणाली. दिवा मान खाली घालत होता. हळूहळू, आवाज न करता, एखादा अपराधी कबुली द्यायच्या आधी घालतो तशी. शेडची कड पंचांगाला टेकली तेव्हा मी धावत जाऊन बटण बंद केलं.

जिलबीचा पाक ज्या उष्णतेला पातळ होतो तीच उष्णता त्याला परत दिली तर तो पातळ होणारच. मुक्ताच्या यंत्रात जे प्लॅस्टिक होतं ते मक्यासारख्या पिकांपासून करतात, त्याला पीएलए म्हणतात. ते छापायला सगळ्यात सोपं, कारण लवकर मऊ होतं, आणि दिव्याला सगळ्यात वाईट त्याच कारणाने. साधारण साठ अंश सेल्सिअसला ते लवचीक व्हायला लागतं. साठ वॅटच्या बल्बची बहुतेक वीज उजेडाऐवजी उष्णतेत जाते, ती उष्णता शेडखाली कोंडते, आणि होल्डर नि त्याला लागलेली मान साठ अंशांच्या कितीतरी पुढे जाते. वितळून थेंब पडत नाहीत. वजन असेल तिकडे वस्तू फक्त शांतपणे झुकते. मे महिन्यात बंद मोटारीत ठेवलेल्या सोळा बेडकांपैकी तीन बेडूक असेच साष्टांग नमस्कार घालून बसले होते. तो इशारा आम्ही भक्ती समजलो होतो.

सहावी मान पीईटीजी नावाच्या प्लॅस्टिकची झाली. पाण्याच्या पारदर्शक बाटल्यांच्या प्लॅस्टिकचा हा सख्खा भाऊ, आणि तो ऐंशी अंशांपर्यंत धीर सोडत नाही. पण ऐंशी अंशसुद्धा अण्णांच्या बल्बला पुरले नसते. म्हणून आजोबा आणि नात यांच्यात वाटाघाटी झाल्या. अण्णांना उजेड पिवळा हवा होता, मुक्ताला बल्ब थंड. शेवटी पिवळसर उजेडाचा पाच वॅटचा एलईडी ठरला. यातही एक मेख आहे. एलईडीची उष्णता उजेडाबरोबर पुढे जात नाही, ती मागे बल्बच्या बुडाशी साठते, आणि बूड म्हणजे नेमकी आपली मान. म्हणून बारा वॅटचा झगझगीत बल्ब इथे चालला नसता. पाच वॅटचा संध्याकाळभर ठेवला, दर अर्ध्या तासाने मुक्ता मानेला हात लावून बघत होती, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. कोमट होती. मुक्ताने भिंतीवर शेडच्या कडेशी पेन्सिलीने एक रेघ मारून ठेवली. दुसऱ्या दिवशी शेड त्याच रेघेवर होती. तिसऱ्या दिवशीही.

झालं असं वाटलं. पण वायर बदलायला आलेल्या वायरमनने दिवा उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, “मधलं प्लॅस्टिकचं कुणी केलं?” मुक्ताने अभिमानाने हात वर केला. तो म्हणाला, “ताई, काम चांगलंय. पण आधी वरचं आणि खालचं पितळ एकमेकांना जोडलेलं होतं. तुम्ही मधे प्लॅस्टिक घातलंत. उद्या होल्डरमधली वायर सुटून वरच्या पितळाला लागली तर अर्थिंग कुठून जाणार?” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. जुनी वायर तर कापडाच्या वेष्टनाची, दोनच तारांची, आतलं रबर बोट लावताच पावडर होणारं. माझ्या आजोबांनी इतकी वर्षं त्याखाली वाचन केलं ते कुलदैवताच्या भरवशावर. आता तीन तारांची वायर घालायची आणि हिरवी तार खालच्या पितळालाही आणि वरच्या होल्डरलाही बांधायची, असं ठरलं. ती जाड वायर सहाव्या मानेच्या भोकातून जाईना. मुक्ताने भोक मोठं केलं. ही आवृत्ती सातवी, आणि शेवटची.

खर्चाचं सांगतो, कारण लोक तेच विचारतात. सातव्या मानेला चौदा ग्रॅम प्लॅस्टिक लागलं. किलोचं रीळ हजार रुपयांच्या आसपास येतं, म्हणजे मानेची किंमत चौदा रुपये. यंत्राला वेळ लागला अडीच तास. आधीच्या सहा मानांचा, दोन रिळांचा, बल्बचा आणि वायरमनचा खर्च मी मुद्दाम मोजलेला नाही. मुक्ताच्या बीजगणिताच्या दोन घटक चाचण्या याच काळात झाल्या, त्यांचाही नाही.

यंदाच्या गणपतीला कुसुमआत्या नाशिकहून आल्या. मुक्ताने त्यांना खुर्चीत बसवलं आणि दिवा लावला. मग तुकडे, तडकलेलं इंजिन (साठे काका स्वतः घेऊन आले होते, शिट्टीसकट) आणि भेगांचे मोठे करून छापलेले फोटो असं सगळं मांडून तिने चाळीस वर्षांचा खटला वीस मिनिटांत चालवला. आत्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी त्यांनी पकडीच्या खुणांवरून बोट फिरवलं आणि भावाकडे पाहून म्हणाल्या, “अण्णा, पकड तुझी ना रे?”

अण्णा म्हणाले, “कडाकडा वाजत होती मान. जरा आवळली होती मी. उन्हाळ्यात.” मग थांबून म्हणाले, “पण मुख्य कारण शिसं. ते तर विलायतेतच मिसळलं.” दोष अखेर सातासमुद्रापार गेला आणि घरात शांतता झाली. आत्यांनी डब्यातला सगळ्यात भुसभुशीत तुकडा मागून घेतला, तुळशीच्या सुक्या पानासारखा कागदाच्या पुडीत बांधला आणि पर्समध्ये ठेवला. त्यानंतर आमच्या नात्यातल्या तीन लग्नांत आणि एका बारशात ती पुडी उघडली गेल्याचं कळलं आहे.

मुक्ताच्या संगणकात त्या मानेची फाइल `kusumaji_nirdosh_v7.stl` या नावाने आहे. दिवा अण्णांच्या टेबलावर रोज संध्याकाळी लागतो, आणि भिंतीवरची पेन्सिलीची रेघ अजून आहे. तो पुसायचं काम मात्र आत्या असताना कुणी कुणाला सांगितलं नाही. दिव्यावर सध्या गणपतीपासूनची धूळ आहे.